वावरावर पाणी सोडले म्हणजे काय केले?

वाचकहो, पोथी असो, गावाकडचे पत्र असो की नातवंडांच्या पुस्तकातला उतारा, शब्द सगळे ओळखीचे असूनही अर्थ हातून निसटतो असे पुष्कळदा होते. याचे कारण वाक्प्रचार. त्यातला शब्दन् शब्द सुटा करून वाचला की घोटाळा होतो. हा घोटाळा ओळखायचा कसा, ते एका लहानशा उताऱ्यावरून पाहू.

"अण्णा गेल्यावर नदीकाठच्या वावराचा वाद उठला. थोरल्याने पेरणी केली, पिकाला पाणी सोडले. मोजणीची तारीख विचारली तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले. धाकट्याने दोन वर्षे वाट पाहिली आणि शेवटी त्या वावरावर पाणी सोडले. आता तो तिकडे फिरकतही नाही."

वरवर वाचणारा म्हणेल, दोघाही भावांनी शेत भिजवले. मग धाकटा तिकडे फिरकत का नाही? इथे अर्थ अडला. हे अडणे हीच पहिली खूण.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी याचा नीट विचार केला आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत. पहिली, शब्दाचा सरळ अर्थ तिथे बसत नाही. दुसरी, नवा अर्थ सरळ अर्थाशी कुठेतरी जोडलेला असतो. तिसरी, तसे बोलण्याची रूढी असते किंवा काही हेतू असतो. "गंगेवर गवळीवाडा आहे" हे त्याचे नेहमीचे उदाहरण. वाडा पाण्यावर कसा असेल? तो काठावर आहे. पण 'गंगेवर' म्हटल्याने तिथला गारवा आणि पावित्र्यही सुचते. आपणही नाही का म्हणत, नरसोबाची वाडी कृष्णेवर आहे!

आता या तीन अटी आपल्या उताऱ्याला लावू. धाकट्याने शेत भिजवले हा सरळ अर्थ पुढच्या वाक्याशी जुळत नाही, म्हणजे पहिली अट पुरी झाली. दुसरी अट जोडाची. दान देताना यजमान हातावरून पळीने उदक सोडतो. ते पाणी सुटले की त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. पाणी आणि त्याग यांचा जोड इथे आहे. तिसरी अट रूढीची. हा विधी मागे पडून नुसती बोली उरली आणि 'पाणी सोडणे' म्हणजे आशा किंवा हक्क सोडून देणे असा अर्थ पक्का झाला. म्हणून धाकट्याने वावराचा नाद सोडला, असे वाचायचे.

थोरल्याच्या वाक्यात मात्र पाणी हे पाणीच आहे. तिथे 'पिकाला' आहे, इथे 'वावरावर' आहे. 'ला' किंवा 'त' असेल तर बहुधा खरेच पाणी. 'वर' असेल तर त्यागाचा अर्थ तपासून पाहावा. पण एवढ्याच खुणेवर विसंबू नये. "पिंडीवर पाणी सोडले" यात 'वर' असूनही पाणी खरेच असते. सोडण्याजोगी वस्तू म्हणजे हक्क, पैसा, हौस, झोप यांपैकी काही आहे का, ते पाहावे आणि मागची-पुढची वाक्ये त्या अर्थाला धरून आहेत ना, तेही पाहावे.

'कानांवर हात ठेवले' हेही तसेच. वाजंत्री वाजत असती तर थोरल्याने खरेच कान झाकले असे म्हटले असते. इथे त्याला तारीख विचारली आहे. म्हणजे "मला काही ठाऊक नाही" असे सांगून तो मोकळा झाला. हे कळले नाही तर भांडणाचे मूळच हाती लागत नाही.

जवळजवळचे वाक्प्रचारही एकात एक मिसळू नयेत. 'घरादारावर तुळशीपत्र ठेवले' हाही दानविधीतलाच, पण त्यात आपखुशीने सर्वस्व सोडल्याचा भाव आहे. 'पाणी सोडले' यात पुष्कळदा नाइलाज असतो. आणि 'कष्टांवर पाणी फिरले' यात तर कोणी काही सोडलेलेच नाही. केलेले वाया गेले.

एक मर्यादाही ध्यानात असू द्यावी. धाकट्याने पाणी सोडले यावरून त्याने हक्कसोडपत्र करून दिले, असे ठरवू नये. वाक्प्रचार त्याच्या मनाची अवस्था सांगतो, कागदाची नाही. सातबाऱ्यावर त्याचे नाव आहे की गेले, हे उताऱ्यात लिहिलेलेच नाही. जे लिहिले नाही ते वाचायचे नाही, हेही वाचनच आहे.

आता हे वाक्य घरी मुलांना द्या: "उत्सवाच्या तयारीसाठी काकांनी तीन दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडले आणि सायंकाळी मांडवापुढच्या फुलझाडांना पाणी सोडले." पहिल्या पाण्याने काय सुटले आणि दुसऱ्याने काय भिजले, ते त्यांनाच सांगू द्या.