केसांवरील गडद पट्ट्याचे गणित

केसांना तपकिरी रंग लावणाऱ्या एखाद्या काकूंचे केस उन्हात पाहा. पुष्कळदा मुळाशी एक छटा, त्याखाली काळपट आडवा पट्टा आणि टोकाकडे पुन्हा फिकी छटा दिसते. रंगाची पुडी तीच आणि हातही तोच, मग हा पट्टा आला कोठून?

आधी रंग केसात कसा शिरतो ते पाहू. केसाच्या बाहेर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. ट्यूबमधून मिळणाऱ्या टिकाऊ रंगात बहुधा अमोनिया असतो; त्याने केस फुगतो आणि हे खवले उचलले जातात. रंगाचे मूळ रेणू लहान आणि बहुतेक रंगहीन असतात. ते आत जातात. सोबत मिसळलेले हायड्रोजन पेरॉक्साइड आत त्यांचे ऑक्सिडीकरण करते. लहान रेणू जोडले जाऊन मोठे, रंगीत रेणू बनतात व ते सहजासहजी बाहेर पडू शकत नाहीत.

आता रंगलेल्या केसावर पुन्हा रंग लावला तर काय होईल? आधीचा रंग आत असतोच. पेरॉक्साइड केसाचे नैसर्गिक रंगद्रव्य थोडे फिके करते, पण आत तयार झालेला कृत्रिम रंग त्याने फारसा निघत नाही. त्यामुळे नवा रंग जुन्यात मिळवला जातो. शिवाय जुन्या केसाचे खवले झिजलेले असतात, म्हणून तो रंग लवकर व जास्त पितो. येथे फक्त बेरीज होते, वजाबाकी नाही.

ही बेरीज उदाहरणाने करू. डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे १ सें.मी. वाढतो. समजा, कोल्हापुरातल्या एका मावशींनी पहिल्यांदा सगळ्या केसांना रंग लावला. दोन महिन्यांनी मुळाशी २ सें.मी. पांढरे केस दिसू लागले. रंगवायचे होते तेवढेच, पण मावशींनी ब्रश मुळापासून ५ सें.मी. पर्यंत ओढला. पहिल्या २ सें.मी. ला एक थर मिळाला, पण २ ते ५ सें.मी. या भागाला दोन थर मिळाले. हाच तो पट्टा.

आणखी दोन महिन्यांनी पट्टा खाली सरकून ४ ते ७ सें.मी. वर आला. मावशींनी पुन्हा ५ सें.मी. रंग लावला. आता मुळापासून थर मोजा: ० ते २ सें.मी. ला एक, २ ते ४ ला दोन, ४ ते ५ ला तीन, ५ ते ७ ला दोन आणि त्यापुढे एक. वहीत केसाची रेघ ओढून हे पडताळून पाहा.

उपाय या हिशेबातच आहे. रंग फक्त नव्या वाढीला लावायचा. केसांचे चार भाग करून बारीक भांग पाडत जावे आणि ब्रश जुना रंग सुरू होतो त्या रेषेवर थांबवावा. रेषेखालच्या केसांना आधी खोबरेल तेल किंवा कंडिशनर चोपडले, तर चुकून लागलेला रंग कमी शिरतो. रंग लावल्यावर कंगवा खालपर्यंत फिरवू नये. टोके फिकी पडली असतील, तर शेवटची थोडी मिनिटेच, पाणी घालून पातळ केलेला रंग त्यांवर पसरवतात. पट्टा आधीच पडला असेल, तर त्यावर तोच रंग पुन्हा लावून तो जाणार नाही. अधिकच गडद होईल.

करून पाहा: केसाप्रमाणेच लोकरही केराटिन या प्रथिनाची असते. घोंगडी विणणाऱ्यांकडून पांढऱ्या लोकरीचा १२ सें.मी. धागा मिळवा आणि साबणाने धुऊन त्याचा तेलकटपणा काढा. मेंदीची पूड कोमट पाण्यात, थोडा लिंबाचा रस घालून कालवा. पूर्ण धागा दोन तास त्यात ठेवा, धुवा, वाळवा. मग ताज्या मेंदीत फक्त खालचे ८ सें.मी. तितकाच वेळ ठेवा. तिसऱ्यांदा खालचे ४ सें.मी. एक दिवस थांबून धागा पांढऱ्या कागदावर ठेवा. वरून खाली एक, दोन, तीन थरांच्या पायऱ्या दिसतील. मेंदीचा रंग पेरॉक्साइडशिवाय केराटिनला चिकटतो, म्हणून तिची क्रिया वेगळी आहे. पण थरांची बेरीज दोन्हीकडे सारखीच होते.

प्रयोग मेंदीनेच करा, केसांच्या रासायनिक रंगाने नको. त्यातील पॅराफेनिलिनडायअमाइनने काहींच्या त्वचेला तीव्र ॲलर्जी होते. मोठ्यांनीही दर वेळी ४८ तास आधी त्वचेवर थेंबभर लावून पाहावे.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी: मावशींनी दुसऱ्या व तिसऱ्या वेळी ५ ऐवजी ३ सें.मी. रंग लावला असता, तर किती पट्टे पडले असते आणि कोठे?