मुलगी साडी बदलायला जाते तेव्हा

साखरपुड्याची तयारी म्हटली की आपण आईबाबा हॉल, जेवण आणि अंगठ्या यांत अडकतो. पण दोन अनोळखी घरं एका छताखाली येतात, तेव्हा कार्यक्रम अवघडतो तो बहुतेक एकाच ठिकाणी. मुलाकडच्या बायका मुलीला कुंकू लावतात, ओटी भरतात, साडी देतात आणि मुलगी ती साडी नेसायला आत जाते. बाहेर इकडचे इकडे, तिकडचे तिकडे, मध्ये रिकाम्या खुर्च्या. अर्धा-पाऊण तास सगळे आपापल्या मोबाइलमध्ये.

ही वेळ आपल्या हातात आहे, म्हणून कार्यक्रम तिच्याभोवती बांधावा असं मला वाटतं. आधी ती कमी करता येते. साडी दोन-तीन आठवडे आधीच विहीणबाईंकडून मागून घ्या, म्हणजे ब्लाउज शिवून, फॉल-पिको होऊन तयार असेल. मागायला संकोच वाटतो खरा, पण त्यांनाही माप विचारायचं असतंच. नेसवणारी बाई आधी ठरवा. मग वीस-पंचवीस मिनिटांत मुलगी बाहेर येते, आणि तेवढा वेळ ओळखींसाठी नेमका पुरतो.

समजा मुलगी साताऱ्याची, मुलगा नागपूरचा. दोन्हीकडून तीस-तीस माणसं, मुहूर्त सव्वाअकराचा. नागपूरची मंडळी आदल्या दिवशी येऊन लॉजवर उतरली आहेत. त्यांना दहाला हॉलवर बोलवा. दारात हात जोडून थांबायला मुलीचे आईबाबा हवेतच, पण त्यांच्याबरोबर एक चुणचुणीत मामी किंवा काकाही असू द्या, कारण आईला अर्ध्या वेळी गुरुजी हाक मारतात. चहा-पोहे आल्याबरोबर द्या. आधी खाणं, मग पूजा. रात्रभर नीट झोप न झालेल्या पाहुण्यांना उपाशीपोटी गणेशपूजनाला बसवलं की तोंडं आंबटच दिसणार. शिवाय हातात बशी असली की बोलायला विषय आपोआप निघतो.

सव्वाअकराला पूजा, मग कुंकू, ओटी, साडी. पावणेबाराच्या सुमाराला मुलगी आत जाते. आता ओळखी. माइकवरून साठही नावं वाचू नका. कुणाच्याही लक्षात राहत नाहीत आणि हुद्दे सांगण्याची चढाओढ लागते. दोन्हीकडून एकेकाने फक्त थोरल्या आठ-दहा माणसांची ओळख करून द्यावी. नाव, नातं आणि एखादी घरगुती गोष्ट, बस्स. ‘या मुलाच्या आत्या, लहानपणी तो यांच्याकडेच राहून शाळेत जायचा’ एवढं सांगितलं, की साताऱ्याच्या मावशींना आत्यांकडे जाऊन काय बोलायचं ते कळतं. पगार, फ्लॅट, परदेशातला भाचा यांना त्या दिवशी सुट्टी. आणि याच वेळी सरबत फिरवायचं काम दोन्हीकडच्या तरुण मुलांना मिळून द्या. ट्रे हातात असलेला मुलगा पलीकडच्या बाजूला जातोच, त्याला ढकलावं लागत नाही.

सव्वाबाराला मुलगी आली की अंगठ्या, पेढे, थोरामोठ्यांना नमस्कार, पावणेएकला जेवण. सगळ्या गटांचे फोटो जेवणाआधी काढायचा हट्ट फोटोग्राफर धरेल. ऐकू नका. ज्यांना मधुमेह आहे आणि जेवणाला उशीर चालत नाही अशी माणसं दोन्ही घरांत निघतीलच. आधी फक्त जोडप्याचे आणि दोन्ही आईवडिलांबरोबरचे फोटो, बाकीचे पंगत उठल्यावर. उखाणेही हौशी लोकांपुरतेच. व्याहीबुवांना आग्रह करकरून उभं करू नये, त्यांना तो आग्रह वर्षभर आठवतो.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी नाही, चार दिवस आधी फोनवर विचारायची. मुलाच्या आईचे यजमान हयात नसतील, तर कुंकू कोण लावणार? हा प्रश्न भर कार्यक्रमात, सगळ्यांसमोर ताटाशी उभं राहिल्यावर उपटला, तर त्या बाईंना मागे सरकावं लागतं आणि सगळा हॉल ते पाहतो. ‘आमच्याकडे मुलाच्या आईनेच पहिलं कुंकू लावावं अशी इच्छा आहे, तुम्हाला चालेल ना?’ असं मुलीच्या आईने आपणहून विचारावं. गुरुजींनाही तसंच सांगून ठेवावं. त्या हो म्हणतील किंवा आत्यांना पुढे करा म्हणतील. त्या म्हणतील तसं, पण निर्णय त्यांचा आणि आधी झालेला. असंच रीतीचंही विचारून घ्या. विदर्भात साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात, ओटीत काय घालायचं आणि कोणी आधी द्यायचं यातही घरागणिक फरक असतो. दोन कागदांवरचे दोन क्रम शेजारी ठेवून एकच क्रम ठरवा आणि तो गुरुजींना द्या.

जेवायला टेबलं ‘तुमची’, ‘आमची’ ठेवू नयेत. पण जबरदस्तीने मिसळू नका, आजीला तिच्या ओळखीची एक सून शेजारी लागतेच. प्रत्येक टेबलावर पलीकडची दोन-तीन माणसं पुरेत. आणि जेवण आटोपलं की कुणीतरी उत्साही काका लग्नाची तारीख, कार्यालय आणि खर्चाची यादी काढतील. त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की ती बोलणी आठ दिवसांनी, फक्त चौघांत होतील.