शिष्यवृत्तीच्या अर्जातील निवेदन कसे लिहावे?



शिष्यवृत्तीच्या अर्जाबरोबर पुष्कळदा एक पानाचे निवेदन मागितले जाते. घरातून कॉलेजात जाणारे आपण पहिलेच असलो, तर ते कसे लिहावे हे सांगणारे घरी कोणी नसते. मग आपण लिहितो, "मी अत्यंत गरीब कुटुंबातील असून माझ्या जीवनात दुःखच दुःख आहे. तरी कृपा करून मदत करावी." हे खोटे नसते. पण गरिबी उत्पन्नाच्या दाखल्यातही दिसते. निवेदनातून तीन गोष्टी कळायला हव्यात : अडचणीमुळे शिक्षणात नेमके काय अडले, आपण त्यावर काय केले आणि या पैशाने काय बदलेल.

समजा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्र घेतलेली एक विद्यार्थिनी आहे. वरचा मजकूर खोडून ती असे लिहू शकेल :

"माझे वडील बांधकामावर बिगारी आहेत. पावसाळ्यात त्यांना काम कमी मिळते, म्हणून मी रोज संध्याकाळी सहा ते दहा औषधांच्या दुकानात काम करते व महिना ३,००० रुपये मिळवते. कॉलेजात जाणारी आमच्या घरातील मी पहिलीच. प्रयोगवहीवर वेळच्या वेळी सही घ्यावी लागते हे मला उशिरा कळले. पहिल्या सत्रात प्रात्यक्षिकाचे गुण गेले. दुसऱ्या सत्रापासून प्रत्येक प्रयोग मी त्याच दिवशी लिहून काढला व गुण सुधारले. मला एम.एस्सी. करायचे आहे. त्यासाठीची 'जॅम' ही प्रवेश परीक्षा फेब्रुवारीत असते. डिसेंबर व जानेवारीत दुकानातील काम सोडले, तर रोजचे चार तास अभ्यासाला मिळतील. बुडणारे ६,००० व पुस्तकांचे २,००० असे एकूण ८,००० रुपये मला हवे आहेत."

यात 'दुःख' हा शब्द एकदाही नाही, तरी अडचण लपलेली नाही. कमी पडलेले गुणही तिने स्वतःच सांगितले. गुणपत्रिका निवड समितीसमोर असतेच. कारण व सुधारणा सांगितली नाही, तर समितीला फक्त आकडा दिसतो. आणि ८,००० रुपये कशासाठी, हा प्रश्नच उरत नाही.

काही विद्यार्थी उलट चूक करतात. संकोचाने ते अडचण लिहीतच नाहीत. मग मदतीची गरज का आहे, हे वाचणाऱ्याला कळत नाही. अडचण दोन-चार वाक्यांत सांगावी, उरलेले पान अभ्यास व पुढील बेत यांना द्यावे. घरातील जी गोष्ट शिक्षणाशी संबंधित नाही, ती सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही.

लिहून झाल्यावर 'अत्यंत', 'हलाखीची', 'दुर्दैवी' असे शब्द खोडून पाहावेत. त्यांच्यावाचून मजकूर पोकळ वाटला, तर तिथे आकडा किंवा घटना हवी होती असे समजावे. शेवटी निवेदन आई-वडिलांना वाचून दाखवावे. ज्या वाक्याने त्यांची मान खाली जाईल, ते वाक्य आपण पुन्हा लिहावे.