सादरीकरणातील आलेखांचे परीक्षण : मधुमेहावरील एका कल्पाच्या निमित्ताने

मधुमेहावरील एखाद्या कल्पाची माहिती औषधविक्रेत्यांसमोर मांडावयाची असली की हल्ली दहा-बारा स्लाइडांचे सादरीकरण तयार होते. ते बाहेर जाण्यापूर्वी आम्ही कसे तपासतो, हे एका नमुना स्लाइडवरून पाहू. त्यातील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत.

स्लाइडवर दोन स्तंभ आहेत. चिकित्सेपूर्वी ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिनची सरासरी ८.४ टक्के, तीन महिन्यांनंतर ७.९. पहिला स्तंभ दुसऱ्याच्या सहापट उंच दिसतो. आम्ही प्रथम मथळा झाकतो व पट्टीने दोन्ही स्तंभ मोजतो. उंचीचे गुणोत्तर आणि आकड्यांचे गुणोत्तर जुळले नाही, तर उभा अक्ष शून्यापासून सुरू झालेला नाही. येथे तो ७.८ पासून सुरू होतो, म्हणून ०.६ आणि ०.१ एवढेच भाग दिसतात. प्रत्यक्ष घट मूळ आकड्याच्या सुमारे सहा टक्के आहे. मात्र अक्ष शून्यावर नेल्यास अर्ध्या अंकाची घट, जी चिकित्सकाच्या दृष्टीने नगण्य नव्हे, जवळजवळ दिसेनाशी होते. म्हणून स्तंभ काढून प्रत्येक रुग्णाचा आधीचा व नंतरचा बिंदू रेषेने जोडावा आणि अक्षाची मर्यादा ठळक लिहावी, असे आम्ही सुचवितो. किती रुग्णांत साखर वाढली, तेही मग लपत नाही.

यापुढचा प्रश्न : हे रुग्ण कोणते? तळटीपेत ‘२६ रुग्ण’ असे आहे. नोंदवहीत आरंभी ४० होते. चौदा जण मध्येच थांबले. त्यांच्यात काहीच बदल झाला नाही असे धरले, तर सरासरी घट ०.५ वरून सुमारे ०.३ वर येते. ही संख्याही स्लाइडवर हवी. तुलनागट नसेल तर अधिक सावध राहावे. साखर फार वाढलेली असतानाच रुग्ण निवडले, तर पुढील तपासणीत ती काहीशी आपोआप खाली येते. शिवाय पथ्य आणि मेटफॉर्मिन चालू होतेच. तुलनेसाठी पथ्य न सांगितलेला गट घेतला असेल, तर श्रेय कल्पाचे की पथ्याचे, हे ठरविता येत नाही. (पथ्याची ताकद आपणांस वेगळी सांगावयास नको!)

शेवटी वाक्ये. ‘मधुमेह समूळ नष्ट’ हे आम्ही तत्काळ खोडतो. तीन महिन्यांच्या निरीक्षणातून ते निघत नाही. शिवाय १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे. या रोगावरील उपचाराची जाहिरात लोकांपुढे करणेच निषिद्ध आहे. भाषा सौम्य केल्याने ती वैध होत नाही. म्हणून ही स्लाइड दुकानात लावण्याच्या फलकावर जाऊ नये. वैद्यांच्या सभेपुरते वाक्य असे राहील : ‘पूर्वीची औषधे व पथ्य चालू असलेल्या ४० पैकी चिकित्सा पूर्ण केलेल्या २६ रुग्णांत सरासरी घट ०.५ अंक, तुलनागट नाही.’