डायलिसिस यंत्राची खरेदी : पुरवठादाराची निवड गुणांकनाने कशी होते?

"सर्वांत कमी दराची निविदा असताना दुसरी का स्वीकारली?" असा प्रश्न देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक आम्हांस नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण पैसा समाजाचा आहे. म्हणून डायलिसिस यंत्राच्या खरेदीचे उदाहरण घेऊन आमची पद्धत येथे मांडीत आहोत. पुरवठादारांची दरपत्रके गोपनीय असल्याने पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत.

निविदा दोन लिफाफ्यांत मागवाव्या लागतात. पहिल्यात यंत्राची तांत्रिक माहिती असते, दुसऱ्यात दर. दराचा लिफाफा उघडण्यापूर्वीच कोणत्या निकषाला किती गुण, हे खरेदी समितीने ठरवून सह्यांनिशी नोंदवायचे असते. दर पाहून गुणांची वाटणी ठरवली, तर मनात असलेला पुरवठादार पुढे आणणे सहज शक्य होते.

काही बाबींना मात्र गुण देऊ नयेत. वीज गेल्यावर रक्तपंप चालू ठेवणारी बॅटरी आणि रक्तनळीत हवा शिरल्यास इशारा देऊन प्रवाह थांबवणारी यंत्रणा या अनिवार्य अटी होत. त्या पूर्ण न करणारी निविदा तेथेच बाद होते. सुरक्षिततेची उणीव स्वस्त दराने भरून निघू शकत नाही.

उरलेल्या निविदांसाठी १०० गुणांची वाटणी अशी : एकूण खर्च ५०, तांत्रिक दर्जा २०, विक्रीपश्चात सेवा ३०. सेवेला एवढे गुण देण्यास स्थानिक कारण आहे. मुंबईहून येणाऱ्या अभियंत्याला वसईची खाडी ओलांडूनच यावे लागते. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत आपला परिसर जलमय झाला आणि रेल्वे वाहतूक ठप्प झाली होती. रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावेच लागते. यंत्र दोन दिवस बंद राहिले, तर त्याची पाळी कोठे भागवायची? म्हणून खाडीच्या अलीकडे अभियंता व सुट्या भागांचा साठा आहे काय, हे आम्ही सेवेच्या निकषात पाहतो.

आता खर्च. समजा, 'अ' पुरवठादाराचे यंत्र ६ लाखांचे, 'ब'चे साडेसात लाखांचे आणि 'क'चे ९ लाखांचे आहे. केवळ किंमत पाहिली तर 'अ' स्वस्त. परंतु त्याच्या यंत्राला त्याच कंपनीच्या नळ्या व द्रावण लागते आणि तो खर्च दर वेळी २५० रुपये येतो. इतर दोघांचा हाच खर्च १५० रुपये आहे. वर्षाला ६०० याप्रमाणे सात वर्षांत एका यंत्रावर ४,२०० वेळा डायलिसिस होते. म्हणजे 'अ'च्या साहित्याचा खर्च साडेदहा लाख, इतरांचा ६ लाख ३० हजार. हमीकाळानंतरच्या पाच वर्षांची देखभाल 'अ'ची अडीच लाख, 'ब'ची २ लाख, 'क'ची २ लाख २० हजार धरली, तर सात वर्षांचा एकूण खर्च 'अ' १९ लाख, 'ब' १५ लाख ८० हजार आणि 'क' साडेसतरा लाख होतो.

सर्वांत कमी एकूण खर्चाला पूर्ण ५० गुण मिळतात. इतरांसाठी सर्वांत कमी खर्चाला त्यांच्या खर्चाने भागून ५० ने गुणायचे. बाकीचे गुण समितीचे सदस्य, चर्चेपूर्वी, स्वतंत्रपणे लेखी देतात व त्यांची सरासरी काढली जाते. सदस्यांच्या गुणांत मोठी तफावत आढळली, तर निकषाची व्याख्या संदिग्ध आहे असे समजून ती आधी स्पष्ट करावी.

| निकष | अ | ब | क |
|---|---|---|---|
| एकूण खर्च (५०) | ४१.६ | ५० | ४५.१ |
| तांत्रिक दर्जा (२०) | १४ | १५ | १९ |
| सेवा (३०) | १६ | २७ | २० |
| एकूण (१००) | ७१.६ | ९२ | ८४.१ |

'क'चे यंत्र तांत्रिकदृष्ट्या सरस असूनही निवड 'ब'ची होते. गुणांची वाटणीच 'ब'ला धार्जिणी नव्हती ना, हे तपासण्यासाठी ती बदलून पाहावी. खर्च ४०, तांत्रिक दर्जा ४० व सेवा २० अशी वाटणी केली, तरी 'ब'ला ८८ आणि 'क'ला ८७.४ गुण मिळतात. अंतर अगदी कमी झाले, पण क्रम बदलला नाही. अशा फेरतपासणीत क्रम उलटला, तर निवड आकड्यांच्या आधाराने नव्हे, वाटणीच्या आधाराने उभी आहे असे समजावे आणि अहवालात तसे स्पष्ट नमूद करून निर्णय विश्वस्तांपुढे ठेवावा.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. सेवेचे गुण बव्हंशी पुरवठादाराच्या आश्वासनावर दिलेले असतात. म्हणून तेच यंत्र वापरणाऱ्या अन्य रुग्णालयांकडे चौकशी करून, अभियंता किती तासांत येतो, हे गुण देण्यापूर्वी पडताळावे लागते. पुढे 'ब'ने दिलेली मुदत, सुट्या भागांचा साठा, साहित्याचे सात वर्षांचे दर आणि विलंबाबद्दलचा दंड या चारही गोष्टी खरेदी करारात उतरवाव्या लागतात. ज्या आश्वासनामुळे सेवेचे २७ गुण मिळाले, ते करारात नसेल, तर ते गुण केवळ कागदावरच राहतात.