भेदरलेल्या मित्राजवळ कसं बसावं?

एका वाचकाने विचारलं आहे : ‘गोव्यात एका पार्टीत मित्राने एलएसडीचा कागद जिभेवर ठेवला. थोड्या वेळाने तो “मी मरतोय, मला वेड लागलंय” असं ओरडायला लागला. आम्ही त्याला दाबून धरलं, तोंडावर पाणी मारलं, लिंबूपाणी पाजलं. तो आणखीच बिथरला. आमचं काय चुकलं?’

आधी हे सांगतो की एलएसडी बाळगणं आणि घेणं आपल्याकडे एनडीपीएस कायद्याने गुन्हा आहे, आणि ते कुणी घ्यावं असं मी म्हणणार नाही. पण भेदरलेला माणूस समोर असताना कायदा समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

ही अवस्था पहिल्यांदा ज्याने अनुभवली त्याची नोंद उपलब्ध आहे. एलएसडी तयार करणारा स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमान याने १९ एप्रिल १९४३ रोजी बाझेलच्या प्रयोगशाळेत स्वतःवर प्रयोग केला. पाव मिलिग्रॅम म्हणजे अगदी किरकोळ मात्रा, असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती भरपूर ठरली. युद्धाच्या दिवसांत मोटार मिळेना, म्हणून साहाय्यकासह तो सायकलवरून घरी आला. बायको-मुलं बाहेरगावी होती. खोलीतलं फर्निचर अंगावर येऊ लागलं. दूध घेऊन आलेली शेजारीण त्याला रंगीत मुखवटा घातलेली चेटकीण दिसली. आपण मरतोय, किंवा कायमचे वेडे झालोय, अशी त्याची खात्री पटली.

डॉक्टर आले. त्यांना नाडी, रक्तदाब, श्वास सगळं ठीक आढळलं, फक्त बाहुल्या विस्फारलेल्या होत्या. त्यांनी औषध दिलं नाही, नुसतं अंथरुणावर झोपवून लक्ष ठेवलं. हळूहळू भीती ओसरली आणि मिटल्या डोळ्यांपुढचे रंग-आकार हॉफमान चक्क मजेत पाहत राहिला. डॉक्टर येईपर्यंत अमलाचा कळस होऊन गेला होता, हेही खरं. तरी औषध अजून शरीरात होतंच, खोलीही तीच होती. ‘तुला काही झालेलं नाही’ हे विश्वासाच्या माणसाकडून कळणं, एवढा फरक पडला होता.

एलएसडी मेंदूतल्या सेरोटोनिनच्या रिसेप्टरवर काम करतं, आणि त्या अमलात मनात जे असेल व भोवती जे असेल ते कित्येक पटींनी मोठं होतं. तुमच्या मित्राच्या मनात काय होतं? जागरण, प्रवासाचा शीण, घरी कळेल ही धास्ती, कागदात नेमकं किती आहे याची कल्पना नाही. भोवती कानठळ्या बसवणारं संगीत आणि अनोळखी गर्दी. त्यात चार जणांनी दाबून धरलं. त्याच्या नजरेतून तो हल्लाच होता. याउलट अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या सायलोसायबिन या एलएसडीसारख्याच पदार्थाच्या प्रयोगांत आधी अनेक भेटींतून ओळख करून घेतात, दिवाणखान्यासारखी खोली ठेवतात, दोन जण सतत सोबत बसतात. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांत स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर अशा माणसाला प्रयोगात घेतच नाहीत.

तर करायचं काय? शांत, मंद उजेडाच्या जागी न्या. रस्ता, समुद्र, गच्ची आणि गाडीची किल्ली त्याच्यापासून लांब ठेवा. घोळका हटवा, त्याच्या ओळखीचा एकच जण जवळ बसू दे. त्याने हळू आवाजात, पुन्हा पुन्हा एवढंच सांगावं : ‘तू कागद घेतलायस, हा त्याचा परिणाम आहे. तो उतरणार आहे. मी इथून हलत नाही.’ पाच मिनिटांत बरं वाटेल असं मात्र सांगू नका, कारण अंमल आठ ते बारा तास राहतो आणि तुमचा शब्द खोटा पडला की विश्वास जातो. दिसतंय ते खोटं आहे असा वाद नको, हात धरायचा तर आधी विचारा. दारू, गांजा मुळीच नको, गांजाने भीती वाढू शकते. लिंबू किंवा दूध हा उतारा नव्हे. व्हिडिओ काढणाऱ्याला तर सरळ हाकलून द्या.

पण प्रत्येक वेळी ही नुसती भीती नसते. कागदात एलएसडीच असेल याची खात्री नाही. एलएसडी म्हणून विकले जाणारे एनबोम गटातले पदार्थ जीवघेणे ठरले आहेत. अंग भाजल्यासारखं तापलं, शरीर ताठरलं, झटके आले, छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा तो स्वतःला इजा करू लागला, तर १०८ ला फोन करा. तो लिथियमच्या गोळ्या घेत असेल तर झटक्यांचा धोका अधिक असतो. काय घेतलं ते डॉक्टरांपासून लपवू नका. गरज पडल्यास तिथे लोराझेपामसारखं औषध देतात. ते घरच्या डब्यातून काढून तुम्ही देऊ नका.

अंमल उतरून दोन-तीन दिवस झाले तरी झोप येत नसेल, संशय येत असतील, आवाज ऐकू येत असतील, तर मित्राला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. कुठे जावं कळत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.