रोपवाटिकेचं छोटं पॉलिहाऊस: पाइप, कागद आणि शेडनेट किती आणायचं?



मिरची-टोमॅटोची रोपं घरीच करायची म्हणून बरेच जण छोट्या कमानीच्या पॉलिहाऊसचं विचारत आहेत. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "जागा किती?" आपण सांगतो ८० चौरस मीटर, आणि दुकानदार त्यात थोडं वाढवून १०० चौरस मीटर कागद देतो. तो कमीच पडतो. कागद जमिनीवर नाही, कमानीवर बसतो. म्हणून आधी कमानीची लांबी काढायची, बाकी सगळा हिशोब त्यावरून निघतो.

आपण ४ मीटर रुंद, २० मीटर लांब, म्हणजे साधारण पाऊण गुंठ्याचं पॉलिहाऊस धरू. मधोमध उंची २ मीटर. दोन्ही बाजूंना पायाचे पाइप जमिनीच्या वर ४० सेंमी ठेवायचे. म्हणजे कमानीची स्वतःची उंची उरली १.६ मीटर.

*कमानीची लांबी*

जमिनीवर ४ मीटर अंतरावर दोन खुंट्या मारा. दोन्हींच्या बरोबर मध्यापासून काटकोनात १.६ मीटरवर तिसरी खुंटी मारा, ती कमानीचा माथा. आता एका कडेच्या खुंटीपासून माथ्यापर्यंत टेपने तिरकं अंतर मोजा. ते २.५६ मीटर येईल. त्याला ८ ने गुणा, त्यातून रुंदी वजा करा, आणि ३ ने भागा:

```
(८ × २.५६ − ४) ÷ ३ = ५.४९ मीटर
```

हा हिशोब खऱ्या लांबीपेक्षा ३-४ सेंमी कमी दाखवतो, म्हणून ६ सेंमी वाढवून ५.५५ धरा. कमानीची उंची रुंदीच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर मात्र यावर विसंबू नका.

खात्री करायची असेल तर माथ्याच्या उलट बाजूला, मधल्या रेषेवर ४५ सेंमी मागे एक खुंटी मारा. तिला २.०५ मीटर दोरी बांधून जमिनीवर कमान आखा आणि आखलेल्या रेषेवर दोरी ठेवून मोजा. हीच आखणी पाइप वाकवायला साचा म्हणून कामाला येते, त्यामुळे पुसू नका.

कमानीचं प्रत्येक टोक पायाच्या पाइपात २० सेंमी आत जातं. ५.५५ मध्ये ४० सेंमी मिळवले की ५.९५ मीटर झाले. जीआय पाइपची एक लांबी ६ मीटरची असते. म्हणजे एका पाइपात एक कमान, जोड नाही. म्हणूनच हे माप निवडलं आहे.

"थोडं उंच करू" म्हणून कमानच २.१ मीटर उंच घेतली, तर प्रत्येक कमानीला जवळजवळ ७ मीटर पाइप लागेल आणि प्रत्येकीत एक जोड येईल. वाऱ्यात कमान तिथेच वाकते. उंची हवीच असेल तर कमान तीच ठेवा आणि पायाचा पाइप वाढवा.

*पाइप किती?*

कमानी १.२५ मीटर अंतरावर. २० ला १.२५ ने भागलं की १६ येतात, पण ती मधली अंतरं झाली. कमानी त्याहून एक जास्त, म्हणजे १७. इथे बरेच जण चुकतात आणि शेवटची कमान उभी करताना पुन्हा दुकान गाठावं लागतं.

१७ कमानींना ३४ पाय. प्रत्येक पाय १ मीटरचा, ६० सेंमी जमिनीत काँक्रीटमध्ये. एका ६ मीटरच्या पाइपातून ६ तुकडे, म्हणून पायासाठी एक इंची ६ पाइप. पाय १.२ मीटरचा केला तर एका पाइपातून ५ तुकडे पडतात, ७ पाइप लागतात. म्हणजे एका जादा पाइपात पूर्ण पॉलिहाऊस २० सेंमी उंच होतं (दारांच्या चौकटीचे उभे पाइपही तेवढे वाढवावे लागतील). पण १.३ मीटर केला की एका पाइपातून ४ च तुकडे निघतात आणि ९ पाइप लागतात. कापण्याआधी हे बघून घ्या.

कमानींना पाऊण इंची १७ पाइप. लांबीत तीन आडवे पाइप लागतात, एक माथ्यावर आणि दोन्ही बाजूंना जमिनीपासून १ मीटरवर एकेक. तिन्ही मिळून ६० मीटर, म्हणजे १० पाइप. दोन्ही टोकांच्या दारांच्या चौकटींना २, चार कोपऱ्यांच्या तिरक्या आधारांना २. असे ३१ झाले, एक जादा धरून ३२ आणा. बाजूचे पडदे गुंडाळायला अर्धा इंची ७ पाइप वेगळे.

एक गोष्ट दुकानातच तपासा. एक इंची पाइप जाड भिंतीचा असेल तर पाऊण इंची त्यात अडकतो. तुकडा आत घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

*कागद*

जमिनीपासून जमिनीपर्यंतची लांबी म्हणजे कमान ५.५५ अधिक दोन्ही पायांचे ४०-४० सेंमी, एकूण ६.३५ मीटर. दोन्ही कडांना पडद्याच्या पाइपावर गुंडाळायला ३०-३० सेंमी वाढवा. ६.९५ झाले, म्हणून ७ मीटर पन्ना घ्या. लांबी २० नाही, २१ मीटर, कारण दोन्ही टोकांना कागद कमानीवरून वळवून पकडीत बसवायचा असतो. दोन्ही तोंडांना प्रत्येकी २.५ मीटर, त्याच्याच उरलेल्या तुकड्यातून दारं निघतात. एकूण २६ मीटर लांबी, ७ मीटर पन्ना, म्हणजे १८२ चौरस मीटर. जागेच्या सव्वादोन पटीपेक्षाही थोडा जास्त!

कागद २०० मायक्रॉनचा, यूव्ही प्रक्रिया केलेला घ्या. जाडी डोळ्यांना कळत नाही, वजनाला कळते. २०० मायक्रॉनचा कागद चौरस मीटरला साधारण १८५ ग्रॅम भरतो. आपला १८२ चौरस मीटर कागद ३३-३४ किलो भरला पाहिजे. काटा २५ किलो दाखवत असेल तर तो १५० मायक्रॉनचा आहे, बिलावर काहीही लिहिलेलं असो. ही तपासणी कागद कापायच्या आधी करा.

पडदा वर केल्यावर आत किडी शिरू नयेत म्हणून बाजूंना ४० मेशची जाळी, प्रत्येक बाजूला २० मीटर लांब आणि १.३ मीटर उंच. त्यातली ३० सेंमी मातीत दाबायची.

*शेडनेट*

इथे उलटी चूक होते, कागदाइतकं शेडनेट आणलं जातं. बाजूच्या खालच्या १ मीटरवर शेडनेट नको, तिथून वारा यायचा असतो. ६.३५ मधून दोन्ही बाजूंचं एकेक मीटर वजा केलं की ४.३५ उरतात. ४ मीटर पन्न्याचं ५० टक्के शेडनेट मधोमध टाकलं की पुरतं. लांबी २२ मीटर घ्या, कारण उन्हात जाळी थोडी आवळते. म्हणजे ८८ चौरस मीटर.

शेडनेट कागदाच्या वरून टाका. आतून बांधलं तर ऊन आधीच कागदातून आत आलेलं असतं आणि तापलेली जाळी उष्णता आतच ठेवते. आणि ते कायमचं बांधू नका, दोऱ्यांनी सोडता येईल असं ठेवा. ढगाळ दिवसांत जाळी तशीच राहिली तर रोपं उजेडाच्या शोधात लांबुळकी आणि लेची होतात. कांडं लांब आणि देठ बारीक दिसू लागले की त्याच दिवशी जाळी काढा.